दंडाची रक्कम उलटी मोजा

जुलैच्या स्टेटमेंटमध्ये ३३९ रुपये ८४ पैसे 'मिनिमम बॅलन्स चार्जेस' म्हणून वजा झालेले दिसले. माझ्या बचत खात्याला महिन्याची सरासरी शिल्लक दहा हजार लागते आणि जूनअखेर खात्यात ५,२०० रुपयेच होते. अशा वेळी बहुतेक जण दंड मुकाट्याने मान्य करतात. पण दंड महिनाअखेरच्या शिलकीवर नसतो. रोजच्या दिवसअखेरच्या शिलकींची बेरीज करून तिला महिन्याच्या दिवसांनी भागायचं, ती सरासरी.

स्टेटमेंटमध्ये व्यवहार झाला तेच दिवस छापलेले असतात. मधल्या दिवसांना, रविवार आणि सुट्ट्यांनासुद्धा, आधीची शिल्लक धरायची असते. एका दिवसात चार व्यवहार असतील तर फक्त शेवटची शिल्लक घ्यायची. माझ्या खात्यात १ ते ७ जून रोज ३,२०० होते, म्हणजे सात दिवसांचे २२,४००. आठ तारखेला तीस हजार जमा झाले. ते ३३,२०० पाच दिवस राहिले, त्यांचे १,६६,०००. तेरा तारखेला २८,००० फी भरली आणि उरलेले ५,२०० महिनाअखेरपर्यंत अठरा दिवस राहिले, त्यांचे ९३,६००. एकूण २,८२,०००, भागिले ३०, सरासरी ९,४००. दिवसांची बेरीज ३० येते ना, हे आधी बघा. गणित चुकतं ते बहुधा तिथेच.

म्हणजे तूट होतीच, पण फक्त ६०० रुपयांची. बँकेच्या दरपत्रकात दंड तुटीच्या ६ टक्के होता: ३६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून ४२ रुपये ४८ पैसे.

मग ३३९.८४ आले कुठून? इथे उलटं मोजायचं. १.१८ ने भागलं की जीएसटी निघून २८८ उरतात. २८८ म्हणजे ४,८०० चे ६ टक्के. दहा हजारातून ४,८०० गेले की ५,२००. बँकेने सरासरीऐवजी अखेरची शिल्लक धरली होती! नुसतं 'दंड जास्त आहे' म्हणून काउंटरवर कुणी दाद देत नाही. ही आकडेमोड लेखी जोडली की मुद्दा टाळता येत नाही.

दुसरी गोष्ट तपासा ती सूचनेची. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार तूट पडल्यावर बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवून ती भरून काढायला किमान एक महिना द्यायला हवा. दंड तुटीच्या प्रमाणातच हवा आणि केवळ दंडामुळे खातं उणे होता कामा नये. म्हणून जुने एसएमएस पुसू नका.

तक्रार शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. पैसे परत आले की त्यात जीएसटीचाही हिस्सा आला का ते पाहा. माझ्या बाबतीत फरक २९७ रुपये ३६ पैशांचा होता, नुसत्या २५२ चा नव्हे.