दरड येण्याआधीची चिन्हे

प्रश्न : आमची वाडी डोंगराखाली आहे. दरड येणार हे आधी ओळखता येते का?

उत्तर : बरेचदा येते, नेहमी नाही. सह्याद्रीत कातळावर माती-मुरुमाचा थर असतो. सलग पावसाने तो जड होतो, आत साचलेल्या पाण्याच्या दाबाने त्याची पकड सुटते. तोडलेल्या झाडांची मुळे कुजायला काही वर्षे लागतात, म्हणून वृक्षतोडीचा धोका उशिरा जाणवतो. ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीत आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले; सुमारे दीडशे माणसे गेली.

पावसाळ्याआधी वरच्या उतारावर आडव्या भेगा शोधा. पावसात झाडे-खांब कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा आटले, घराची दारे अडकू लागली, तर हवामान खात्याच्या इशाऱ्याची वाट न पाहता रात्र पडण्याआधी वाडी सोडा आणि तहसीलदारांना कळवा.