घरी एक पान, दुकानात दोन पानं

प्रश्न : मी डिप्लोमा मेकॅनिकल केला आहे. नोकरीसाठी इंग्रजीत रेझ्युमे तयार केला. माझ्या लॅपटॉपवर तो नेमका एका पानात बसतो. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्हवरून उघडला तर शेवटच्या तीन ओळी दुसऱ्या पानावर गेल्या, उजवीकडच्या तारखा वरखाली सरकल्या आणि निळी शीर्षकं छापल्यावर पुसट दिसली. एका मित्राला व्हॉट्सअॅपवर पाठवला, तर तो म्हणतो, वाचायला त्रास होतो. फॉन्ट, समास, ओळींमधलं अंतर हे सगळं कसं ठरवायचं? — एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या तक्रारी चार आहेत, पण त्यातल्या पहिल्या दोन्हींच्या मुळाशी एकच कारण आहे. वर्डची फाइल म्हणजे छापलेलं पान नव्हे. ‘या फॉन्टमध्ये, एवढं अंतर सोडून मांड’ अशा सूचनांची ती यादी असते, आणि पान प्रत्यक्षात मांडलं जातं ते फाइल उघडणाऱ्या यंत्रावर. त्या यंत्राकडे तुमचा फॉन्ट नसेल तर ते स्वतःच्या पसंतीचा दुसरा लावतं. नवीन वर्डमध्ये ठरीव फॉन्ट ॲप्टॉस आहे आणि दुकानातल्या जुन्या वर्डमध्ये तो नसतो. बदली आलेल्या फॉन्टची अक्षरं थोडी जरी रुंद असली, तरी जो मुद्दा दोन ओळींत जेमतेम मावत होता तो तिसऱ्या ओळीवर जातो. असे तीन मुद्दे असले की तुमच्या तीन ओळी दुसऱ्या पानावर.

गंमत अशी, की फॉन्टच्या चौकटीत नाव मात्र जुन्याच फॉन्टचं दिसत राहतं, म्हणून बदल झाल्याचं कळत नाही. खात्री करायची असेल तर दुकानातल्या वर्डमध्ये File, मग Options, मग Advanced इथे जा आणि खाली Font Substitution हे बटण दाबा. कोणत्या फॉन्टच्या जागी कोणता लागला आहे, ते तिथे दिसतं.

म्हणून फॉन्ट निवडताना तो सुंदर आहे का, याच्याआधी तो सगळीकडे सापडतो का हे बघा. एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कॅलिब्री हे तिघे या कसोटीला उतरतात. कॅलिब्री २००७ च्या ऑफिसपासून वर्डबरोबर येतो. लिबरऑफिसमध्ये तो नसला तरी त्याच्या जागी कार्लिटो लागतो, आणि कार्लिटोच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी जागच्या हलत नाहीत. एरियल आणि टाइम्सचे असेच जोडीदार लिबरेशन या नावाने आहेत.

आकार ठरवताना नुसता आकडा बघू नका. टाइम्समधली लहान अक्षरं, म्हणजे a, e, n ही मंडळी, उंचीला बुटकी असतात, तर एरियलमध्ये उंच. त्यामुळे एरियल १० पॉइंट हा टाइम्स ११ पॉइंटपेक्षाही मोठा वाटतो. माझा सल्ला असा : कॅलिब्री असेल तर ११, एरियल असेल तर १०, टाइम्स असेल तर ११.५ किंवा १२. जॉर्जिया हा फॉन्ट पडद्यासाठीच घडवलेला आहे आणि वाचायला छान आहे, पण त्याचे अंक वरखाली लोंबतात. मजकुरात ते शोभतात, पण फोन नंबर, टक्केवारी आणि वर्षं यांनी भरलेल्या रेझ्युमेत डोळ्यांना खटकतात. नावात ‘लाइट’ असलेले बारीक फॉन्ट तर टाळाच. पडद्यावर ते नाजूक दिसतात, पण स्वस्त प्रिंटरवर आणि त्याच्या झेरॉक्सवर त्यांच्या रेषा तुटतात.

आता पान आणि समास. इंटरनेटवरून उतरवलेले बरेच नमुने अमेरिकन लेटर आकारात असतात. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर आणि आपला ए-फोर २१० बाय २९७. म्हणजे लेटरवर काम करणारा माणूस १८ मिलिमीटर उंची, सुमारे तीन ओळींची जागा, उगीच सोडून देतो. Layout मधल्या Size मध्ये जाऊन ए-फोर केलंत तर रुंदी थोडी घटेल, पण एकंदरीत जागा वाढेल.

डावीकडे २.५ सेंटिमीटर आणि बाकी तीन बाजूंना २ सेंटिमीटर समास ठेवा. डावा समास मोठा, कारण आपल्याकडच्या कार्यालयांत कागद भोकं पाडून फाइलला लावतात. नेहमीच्या दोन भोकांच्या पंचात भोकाचा मध्य कडेपासून १२ मिलिमीटरवर येतो आणि भोक ६ मिलिमीटरचं असतं. म्हणजे ते १५ मिलिमीटरपर्यंत आत शिरतं, आणि फाइल बंद झाली की त्याच्या शेजारचाही भाग दडतो. जागा वाचवायला समास एक सेंटिमीटरवर आणला, तर भोकांच्या उंचीवरच्या ओळींची पहिली अक्षरं या भोकांच्या वाटेत येतात. शिवाय बरेच प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, ते वेगळंच.

या समासांनंतर ओळीसाठी १६.५ सेंटिमीटर उरतात. कॅलिब्री ११ मध्ये त्यात नव्वदच्या आसपास अक्षरं मावतात. एवढी लांब ओळ संपवून डोळा डावीकडे परततो तेव्हा पुढच्या ओळीची सुरुवात चुकण्याचा संभव असतो. ओळींमध्ये थोडी हवा हवी ती एवढ्यासाठी. Paragraph च्या चौकटीत Multiple निवडून १.१ द्या. १.० वर मजकूर गच्च दिसतो, आणि १.५ वर मुद्दे सुटेसुटे होऊन पान वाया जातं.

पानाचा हिशेब आता मांडता येतो. वरखालचे समास वजा जाता २५७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७२८ पॉइंट उंची मिळते. कॅलिब्री ११ ची ओळ १.१ अंतराला साधारण १५ पॉइंट घेते. पाच शीर्षकांच्या वरखालच्या मोकळ्या जागेला ८० पॉइंट, आणि नाव व संपर्काच्या ओळींना पन्नासेक. उरलेल्या जागेत, मुद्द्यांमधल्या बारीक फटी धरून, शीर्षकांसकट पस्तीस ते चाळीस ओळी बसतात. तुमचा मजकूर याहून जास्त असेल तर फॉन्ट ९ वर आणू नका, मजकूर कापा. आणि दोन-तीन ओळी रिकाम्याच राहतील असं बघा. पान काठोकाठ भरलेलं असलं की दुसऱ्या यंत्रावरचा केसाएवढा फरकही ते उतू घालवतो.

तारखा सरकल्या त्याचं कारण स्पेसबार. अक्षरांप्रमाणे मोकळ्या जागेचीही रुंदी फॉन्टगणिक बदलते, म्हणून वीस-पंचवीस स्पेस मारून रेषेत आणलेल्या तारखा फॉन्ट बदलताच विस्कटतात. त्या सगळ्या स्पेस पुसून Paragraph मधल्या Tabs मध्ये १६.५ सेंटिमीटरवर Right प्रकारचा टॅब ठेवा आणि तारखेआधी एकदाच टॅब दाबा. मग फॉन्ट कोणताही लागो, तारीख उजव्या समासाला चिकटूनच राहते.

शीर्षकांचंही असंच. Education, Projects हे शब्द हाताने ठळक करून वर दोनदा एंटर मारू नका. Heading 1 ही शैली लावा आणि ती शैलीच बदला : कॅलिब्री, ठळक, १३ पॉइंट, रंग काळा, वर १२ पॉइंट जागा आणि खाली ४. वरची जागा खालच्यापेक्षा बरीच जास्त हवी, म्हणजे शीर्षक खालच्या मजकुराचं आहे हे न वाचताही कळतं. दोन्हीकडे सारखी जागा असली की ते मध्येच लटकतं. या शैलीत Keep with next आधीच चालू असतं, त्यामुळे शीर्षक एकटंच पानाच्या तळाशी राहून मजकूर पुढच्या पानावर जात नाही. वर्डची मूळ शैली निळी आणि बारीक असते. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरला निळा रंग ठिपके मारून करडा दाखवावा लागतो, आणि बारीक रेषेत ते ठिपके मावत नाहीत. तुमची शीर्षकं पुसट आली ती यामुळे. वेगळेपण हवंच असेल तर शीर्षकाखाली अर्ध्या पॉइंटची काळी रेघ पुरते.

तुमच्या मित्राची तक्रार वेगळी आहे. मोबाइलचा पडदा सुमारे सात सेंटिमीटर रुंद, म्हणजे ए-फोरच्या तिसऱ्या हिश्श्याचा. पूर्ण पान दाखवताना तुमचा ११ पॉइंट तिथे चारच्याही खाली उतरतो. त्यावर फॉन्ट वाढवणं हा उपाय नाही, कारण वाचणारा बोटांनी पान मोठं करणारच. मोठं केल्यावर त्याला आधी डावी बाजू दिसते, तेव्हा कामाचा शब्द ओळीच्या सुरुवातीला हवा. ‘Responsible for operating CNC lathe’ याऐवजी ‘CNC lathe: setting and operation’ असं लिहा. दोन रकान्यांचे नमुने याच कारणासाठी टाळा. फोनवर ते वाचताना पान सारखं इकडून तिकडे सरकवावं लागतं.

रेझ्युमे मराठीत द्यायचा असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. फॉन्ट युनिकोडच हवा : निर्मला, मंगल किंवा मुक्त. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता होऊन उघडतो. दुसरं, ओळींच्या अंतरासाठी Exactly हा पर्याय घेऊन आकडा लहान ठेवू नका, वरची वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात.

हे सगळं झालं की फाइल पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो आणि मांडणी गोठते. अॅक्रोबॅट रीडरमध्ये Properties मधल्या Fonts या पानावर प्रत्येक फॉन्टपुढे Embedded Subset किंवा Embedded दिसलं की काम फत्ते. छापताना Fit नव्हे, Actual size निवडायला सांगा, नाहीतर पान आक्रसू शकतं. कंपनीने वर्डची फाइलच मागितली तर ती द्यावीच लागते, आणि तिथे गोठवलेली मांडणी उपयोगी पडत नाही. फॉन्ट, टॅब आणि शैली यांची वरची सगळी काळजी त्या प्रसंगासाठी आहे.

पाठवण्यापूर्वी एक काळी-पांढरी प्रिंट काढा, तिची झेरॉक्स करा आणि तीच फाइल फोनवर उघडा. झेरॉक्सवर फोन नंबर चष्म्याशिवाय वाचता आला आणि फोनवर पान एकदाच मोठं करून पहिली दोन शीर्षकं सापडली, तर रेझ्युमे पाठवायला तयार आहे असं समजा.