फॉर्मवर नावाआधी काय लिहायचं?

ताई, बँकेच्या फॉर्मवर नावाआधी छोटे चौकोन असतात. इंग्रजीत ‘एमआर’ म्हणजे श्री, ‘एमआरएस’ विवाहितेसाठी. ‘एमएस’, म्हणजे मिझ, मात्र कुठल्याही बाईला चालतं. लग्न झालंय की नाही, ते त्यातून कळत नाही. मराठीत कुमारी म्हणजे अविवाहित.

आपल्याकडे नवरा असेल तर सौ. आणि नसेल तर श्रीमती, अशी रीत आहे. सरकारी कागदात मात्र श्रीमती कुठल्याही विवाहितेला लिहितात. त्यामुळे सौ.चा चौकोन नसेल तर श्रीमतीवर बिनधास्त खूण करा.

नावाच्या रकान्यात मात्र ‘सौ. सुनीता’ नको. आधारवर नुसतं ‘सुनीता’ असेल तर नाव जुळत नाही आणि फॉर्म परत येऊ शकतो.