उत्तर नको, चूक दाखव

पालकहो, कुणी पाळी बदलून आलात, कुणी अर्धी रजा टाकून आलात. त्यामुळे थेट मुद्द्यावर येते.

तुमच्या हातात मुलांच्या घटक चाचणीचे पेपर आहेत आणि बाकावर त्यांच्या गृहपाठाच्या वह्या ठेवल्या आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. नववीच्या बऱ्याच वह्यांमध्ये गणितं बरोबर आहेत, मांडणी नेटकी आहे, खाडाखोड नाही. चाचणीत तशाच प्रकारचं गणित आलं, तर त्याच मुलांनी ते अर्ध्यावर सोडलंय. वही एका मुलाची आणि पेपर दुसऱ्याचा वाटावा, इतका फरक आहे. आम्ही मुलांना जवळ बसवून विचारलं, तेव्हा बहुतेकांनी सरळ सांगितलं, की गणिताचा फोटो काढायचा, तो चॅटजीपीटीला, जेमिनायला किंवा व्हॉट्सॲपमधल्या मेटा एआयला पाठवायचा आणि आलेलं उत्तर वहीत उतरवायचं. मुलं खरं बोलली, याचं मला बरं वाटलं. त्यासाठी कुणालाही शिक्षा होणार नाही. घरीही आज या विषयावरून मारझोड किंवा आरडाओरडा नको, अशी माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे.

नेमकं काय बिघडतं, ते एका गणितावरून दाखवते. २ वह्या आणि ३ पेन मिळून १०० रुपये होतात. ३ वह्या आणि २ पेन मिळून १२५ रुपये होतात. तर एक वही केवढ्याला आणि एक पेन केवढ्याला? वहीची किंमत x आणि पेनची y मानली, की दोन समीकरणं मिळतात.

2x + 3y = 100
3x + 2y = 125

दोन्हींची बेरीज केली तर 5x + 5y = 225, म्हणजेच x + y = 45. आता दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. इथे आपल्या एका मुलाने लिहिलं, x + y = 25. एका ओळीत बेरीज पंचेचाळीस आणि खालच्या ओळीत तीच बेरीज पंचवीस! तो अडकला. दोन्ही खरं असू शकत नाही, एवढं त्याला कळत होतं, पण चूक कुठे झाली ते सापडेना. मला विचाराल तर गृहपाठातली सगळ्यात मोलाची पाच मिनिटं हीच. 2y मधून 3y गेले, तर उरतं ते उणे y, म्हणून खरी ओळ x − y = 25 अशी हवी. हे त्याचं त्याला सापडलं असतं, तर वजाबाकीत चिन्ह बदलायचं तो सहसा विसरला नसता. पण त्याने फोटो पाठवला, काही सेकंदांत वही ३५ रुपये आणि पेन १० रुपये असं उत्तर आलं, त्याने ते उतरवलं आणि आपली चुकीची ओळ खोडरबराने पुसून टाकली. त्या ओळीसोबत, तो कुठे अडकला होता हेही पुसलं गेलं. आमच्या बाईंना वहीत फक्त बरोबर गणित दिसलं. मग त्याला काय समजावून सांगायचं, हे त्यांना कळणार कसं? चाचणीत त्याने पुन्हा तीच चूक केली.

हे आपल्याच शाळेत घडतंय असं नाही. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर असा प्रयोग झाला आणि २०२५ मध्ये तो शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाला. काही मुलांना गणिताच्या सरावाला नेहमीसारखं चॅटचं साधन दिलं. सरावात त्यांचे गुण साधनाविना सराव करणाऱ्या मुलांपेक्षा ४८ टक्क्यांनी वाढले. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा हीच मुलं, ज्यांना साधन मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. मला सगळ्यात काळजी वाटली ती पुढच्या गोष्टीची. आपण कमी शिकलोय, याची त्या मुलांना जाणीवच नव्हती. म्हणून तुमचं मूल ‘आई, मला सगळं येतंय’ म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्याला खरंच तसं वाटत असतं.

त्याच प्रयोगात मुलांचा आणखी एक गट होता. त्यांचं साधन शिक्षकांच्या मदतीने असं बांधलं होतं, की ते उत्तर द्यायचं नाही, फक्त पुढच्या पायरीकडे बोट दाखवायचं. या मुलांचं परीक्षेतलं ते नुकसान जवळजवळ टळलं. फायदा झाला असं मात्र म्हणता येत नाही, ती इतरांच्या बरोबरीने राहिली. म्हणून फोनवर सरसकट बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. आपल्या दिघ्यात किती घरांत आई-वडील दोघंही एमआयडीसीत कामाला जातात, ते मला माहीत आहे. संध्याकाळी मूल अडलं तर विचारायला घरात कुणी नसतं, आणि शिकवणीची फी प्रत्येकाला परवडत नाही. अशा घरात नीट वापरलेला फोन उपयोगी पडू शकतो. फक्त त्याला काय विचारायचं, ते मुलाला शिकवावं लागेल.

आपण असं करू. मूल आधी स्वतः वहीत गणित सोडवेल, चुकलं तरी चालेल. अडकलं की जिथे अडकलं त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारेल. मगच फोन घ्यायचा आणि त्यात लिहायचं, ‘उत्तर सांगू नकोस. मी इथपर्यंत आलो आहे. माझी चूक कोणत्या ओळीत आहे, तेवढंच सांग.’ वर सांगितलेल्या मुलाला आम्ही शाळेत हेच करायला लावलं. वजाबाकीच्या ओळीत दुसऱ्या पदाचं चिन्ह पुन्हा तपास, असं उत्तर आलं आणि पुढचं त्याने स्वतः सोडवलं. कधी कधी ही साधनं नको म्हटलं तरी उत्तर सांगून टाकतात. तसं झालं तर ते पान बंद करून, वहीतल्या आकड्यांच्या जागी दुसरे आकडे घालून तेच गणित पुन्हा करायचं.

आता तुमचं काम. समीकरणं तुम्हाला यायलाच हवीत असं नाही. फोन बाजूला ठेवून मुलाला म्हणा, ‘हे कसं केलंस, मला सांग.’ आणि दुसरं, ‘हे उत्तर बरोबर आहे, ते कशावरून?’ वही ३५ ची आणि पेन १० चं असेल, तर दोन वह्यांचे ७० आणि तीन पेनांचे ३०, झाले १००. बाजारहाट करणाऱ्या कोणत्याही आईला हा हिशेब तोंडी पडताळता येतो. मूल सांगताना अडखळलं तर रागावू नका. ते कुठे अडखळलं, तेवढं वहीच्या समासात लिहायला सांगा. बाकीचं आमच्या बाई बघतील.

गणिताचं उत्तर असं पडताळता येतं. माहितीचं तसं नसतं. सातवीच्या मुलांना ‘आपला परिसर’ या विषयावर एक पान लिहायला दिलं होतं. एका मुलीने चॅटला विचारून फार सुंदर मराठीत लिहून आणलं. त्यात दिघ्याच्या विस्तीर्ण समुद्रकिनाऱ्याचं, तिथल्या सूर्योदयाचं आणि पर्यटकांच्या गर्दीचं वर्णन होतं. हे दिघा पश्चिम बंगालमधलं आहे. तिकडे ते सहलीचं प्रसिद्ध ठिकाण आहे. पाटण्यातही गंगेकाठी एक दिघा आहे, आपल्यातली बिहारकडची मंडळी ते ओळखत असतील. ही साधनं पुस्तक उघडून बघतातच असं नाही. अफाट मजकुरातून शिकलेल्या शब्दांवरून, पुढे कोणता शब्द शोभेल तो ती जोडत जातात. बंगालच्या दिघ्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, आपल्याबद्दल थोडंच. मग उरलेली जागा तिकडच्या समुद्राने भरली जाते. चुकीचं वाक्यही बरोबर वाक्याइतक्याच ठाम भाषेत येतं, त्यामुळे भाषेवरून चूक ओळखता येत नाही.

त्या मुलीने पान लिहून शेवटी स्वतःची सही केली होती आणि ती राहते इलठणपाड्यात! तिच्या घराजवळ ब्रिटिशांच्या काळात रेल्वेसाठी बांधलेलं धरण आहे, पाठीमागे पारसिकचा डोंगर आहे. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेलं दिघा गाव स्थानक तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. यातलं काहीच त्या पानात नव्हतं. तिने ते पान पुन्हा लिहिलं. या वेळी ती आजोबांशी बोलली, स्थानक नव्हतं तेव्हा लोकल पकडायला ते कुठे जायचे ते तिने विचारून घेतलं. भाषा थोडी ओबडधोबड आहे, दोन शुद्धलेखनाच्या चुका आहेत. सूचनाफलकावर आम्ही तेच पान लावलंय. जाताना जरूर वाचा.

काही पालकांनी विचारलं, की यंत्राने लिहिलेलं ओळखणारं एखादं यंत्र शाळा का आणत नाही. तशी साधनं आहेत, पण भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतः असं एक साधन काढलं होतं. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये त्यांनीच ते बंद केलं. असल्या यंत्राच्या भरवशावर एखाद्या मुलाने मनापासून लिहिलेल्या निबंधाला मी खोटं ठरवणार नाही. संशय आला तर आमचे शिक्षक मुलाला जवळ बसवून दोन प्रश्न विचारतील, एवढंच.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींप्रमाणे तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नसतं आणि अठरा वर्षांखालच्यांना पालकांची परवानगी लागते. म्हणजे तेरा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलांच्या हातात ते देऊच नका. मोठ्या मुलांनीही ते तुमच्या समोर, तुमच्या माहितीने वापरावं. फोटो फक्त गणिताचा काढायचा. वहीवरचं नाव, शाळेचं ओळखपत्र, आधार कार्ड, घरातल्या माणसांचे फोटो यांतलं काहीही त्यात जाऊ द्यायचं नाही. आणि रात्री एकटं मूल त्या चॅटशी घरातली भांडणं, मनातली दुःखं बोलत असेल, तर फोन हिसकावण्याआधी त्याच्याजवळ बसा. ते बोलणं खरं तर तुमच्याशी व्हायला हवं होतं.

शाळाही बदलते आहे. येत्या सोमवारपासून आठवी ते दहावीला रोज दहा गणितांऐवजी चारच गणितं घरी मिळतील, आणि कच्ची वही पक्क्या वहीसोबत दाखवावी लागेल. कच्च्या वहीतल्या खाडाखोडीसाठी गुण कापले जाणार नाहीत, उलट आम्ही तीच आधी बघू. ज्या घरांत संध्याकाळी कुणी मोठं माणूस नसतं, त्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर वाचनालय तासभर उघडं राहील. तिथे गणिताच्या एक बाई बसतील. त्यासाठी मुलांची नावं आज जाण्याआधी वर्गशिक्षकांकडे द्या. ज्यांची रात्रपाळी असते, त्यांनी मुलाला न्यायला कोण येणार तेही लिहून द्या.

आता तुमचे प्रश्न विचारा. मी इथेच आहे.