वायुप्रदूषकाचे प्रमाण : आकारमानातून वस्तुमानाकडे

हवेतील प्रदूषक वायूचे ‘भाग प्रतिदशलक्ष’ हे प्रमाण आकारमानाचे असते. ‘मिलिग्रॅम प्रतिघनमीटर’ हे वस्तुमानाचे. २५° सेल्सिअस तापमानास व एक वातावरण दाबास वायूचा एक मोल सुमारे २४.४५ लिटर जागा व्यापतो. म्हणून पहिल्या प्रमाणास वायूच्या रेणुभाराने गुणून २४.४५ ने भागावे. सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४ आहे. तो ०.०३ भाग प्रतिदशलक्ष असल्यास ०.०३ × ६४ ÷ २४.४५ = ०.०७८५ मिलिग्रॅम प्रतिघनमीटर. भारताच्या २००९ च्या मानकांतील चोवीस तासांची मर्यादा ०.०८ होती, म्हणजे ही हवा मर्यादेत बसते. मात्र ०° सेल्सिअसचे २२.४ लिटर घेतल्यास उत्तर ०.०८५७ येते आणि तीच हवा सदोष ठरते. यास्तव आकड्यासोबत तापमान व दाब नमूद करावेत.