बोलणे अचानक थांबले : शेवटचा मेसेज पाठवावा का?

एक उदाहरण घेऊ. मळवलीत राहणारी, चिंचवडला नोकरी करणारी एक मुलगी. वधू-वर मेळाव्यात एका मुलाची ओळख झाली. दोन्ही घरांनी बायोडाटा पाहिला आणि दोघांनी आधी आपसात बोलून घ्यावे असे ठरले. पाच आठवडे रोज फोन झाले. एका रविवारी दोघे भाजे लेणी पाहून आले. रात्री त्याचा मेसेज आला, "पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो." त्यानंतर काहीच नाही. तिने गुरुवारी विचारले, "रविवारचे नक्की ना?" निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आले नाही. आता बारा दिवस झाले. लोकलमध्ये बसली की तिचा हात सारखा मोबाईलकडे जातो.

याला हल्ली घोस्टिंग म्हणतात. "सरळ नाही म्हणाला असता तरी चालले असते," असे ती म्हणते, आणि त्यात तथ्य आहे. नकार कळला की विषय संपतो. गप्प राहण्याने तो उघडाच राहतो आणि मन स्वतःच कारणे शोधत बसते.

इतके का लागते?

मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी यावर एक साधा प्रयोग केला. संगणकावर तिघे एकमेकांकडे चेंडू टाकतात. थोड्या वेळाने दोघे आपसातच खेळू लागतात, तिसऱ्याकडे चेंडू येतच नाही. एवढ्या किरकोळ गोष्टीनेही त्या माणसाला आपण कोणाचेच नाही, आपली किंमत नाही, आपल्या हातात काही नाही असे वाटू लागते. पुढे 2004 मध्ये असे दिसले, की समोर माणसे नसून संगणकच खेळतो आहे हे आधी सांगितले, तरीही वाईट वाटतेच.

म्हणजे वगळले गेल्याचे दुःख आपोआप होते. आपल्यात काही कमी असल्याचा तो पुरावा नव्हे. सल्ल सुत्तातील दोन बाण आपल्याला माहीत आहेत. त्याचे गप्प होणे हा पहिला बाण. "माझा रंग आवडला नसेल, पगार कमी वाटला असेल" हा दुसरा, आणि तो आपण स्वतःच मारून घेतो.

आधी वही, मग मोबाईल

मेसेज लिहिण्याआधी तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटे वहीत लिहावे. हे कोणाला दाखवायचे नाही. पानाचे दोन भाग करावेत : डावीकडे घडलेले, उजवीकडे आपला अंदाज. आपल्या उदाहरणातील मुलीच्या डावीकडे चारच ओळी झाल्या, उजवीकडे पान भरले. आपण बारा दिवस कशाशी झगडत होतो, हे तिला तिथे दिसले. लिहून मन अधिकच खवळत असेल तर लिहिणे थांबवावे आणि विश्वासातल्या माणसाशी बोलावे.

पाठवायचा की नाही?

स्वतःला एकच प्रश्न विचारावा : उत्तर आले नाही तरी मला चालेल का? उत्तर "नाही" असेल तर अजून थांबावे. कारण मग तो मेसेज शेवटचा राहत नाही, दुसऱ्या दिवशी आणखी एक जातो. समोरच्याने ब्लॉक केले असेल, "संपर्क करू नका" म्हटले असेल किंवा आपले दोन-तीन मेसेज आधीच अनुत्तरित असतील, तर पाठवूच नये. त्याने धमकावले किंवा पैसे मागितले असतील, तरीही नाही.

तिचा एकच मेसेज अनुत्तरित होता आणि दोन्ही घरे त्यात गुंतलेली होती. म्हणून पाठवणे योग्य होते. तिने रात्री न पाठवता सकाळी पाठवला :

"जय भीम. बरेच दिवस तुमच्याकडून काही कळले नाही. तुम्हाला पुढे जायचे नाही असे मी समजते आणि आमच्याकडून विषय थांबवते. तुम्हाला शुभेच्छा."

यात प्रश्न नाही, म्हणून उत्तराची वाट पाहावी लागत नाही. आरोप नाही, म्हणून वाद होत नाही. निर्णय तिचा आहे, आणि हातातून गेलेली गोष्ट तेवढी परत हातात येते. त्याच्या बहिणीला विचारणे, स्टेटसवर टोमणे मारणे हे तिने टाळले. अपघात किंवा आजारपणाची खरी शंका असेल तर मध्यस्थाने एकदा चौकशी करावी, ती पुरे.

उत्तर आले नाही. तिने ते चॅट अर्काइव्ह केले आणि आईला सांगितले, "ते स्थळ बंद समज." महिनाभराने "सॉरी, घरी अडचण होती" असा मेसेज आलाच, तर लगेच उत्तर देण्याचे बंधन नाही. एका गोड शब्दापेक्षा तो ठरल्या दिवशी येतो का, हे पाहावे.

दोन आठवड्यांनंतरही झोप, जेवण, काम बिघडलेलेच असेल तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटू लागले तर मात्र दिवस मोजू नयेत. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगावे आणि टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास सुरू असतो.