थायरॉइडच्या कर्करोगानंतर आयोडीनचा डोस : घरात किती दिवस जपायचे?

गेल्या महिन्यात निजामपुऱ्यातील एक सासूबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सून चौतीस वर्षांची, मुलगा यंत्रमागावर कामाला, घरात तीन वर्षांचा नातू. सुनेच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी कर्करोगामुळे काढली होती आणि नंतर मुंबईला आयोडीनचा डोस दिला होता. त्याला आता तीन महिने होत आले, तरी नातू अजून आजोळीच होता. सुनेचे ताट-वाटी वेगळे, अंथरूण वेगळे. सासूबाईंनी हॉस्पिटलचा रिपोर्ट पुढे ठेवला. “डॉक्टर, यात मानेत काहीतरी दिसतंय असं लिहिलंय. म्हणजे रोग राहिलाच ना? मग पोराला कसं आणू?”

या दोन प्रश्नांची उत्तरे अनेक घरांना हवी असतात, म्हणून आज त्याविषयी.

हा डोस कशासाठी?

आपण खातो त्यातील आयोडीन शरीरात प्रामुख्याने थायरॉइडच्या पेशी ओढून घेतात. थायरॉइडचे जे नेहमीचे कर्करोग असतात त्यांच्या पेशीही बहुधा ही सवय सोडत नाहीत. म्हणून आयोडीन-131 हे किरणोत्सर्गी आयोडीन गोळीच्या किंवा पाण्यासारख्या औषधाच्या रूपात तोंडाने देतात. ते रक्तातून उरलेल्या पेशींपर्यंत पोचते आणि त्यांना आतूनच जाळते. त्याचा मारा मिलिमीटर-दोन मिलिमीटरपर्यंतच असतो, म्हणून शेजारचे अवयव बचावतात.

आपल्याकडे हे उपचार नवे नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून परळला टाटा हॉस्पिटलच्या आवारात आहे. मात्र प्रत्येकाला हा डोस लागत नाही. गाठ लहान आणि ग्रंथीपुरतीच असेल, तर केवळ शस्त्रक्रिया पुरेशी होऊ शकते. या बाईंच्या मानेतील लसीका गाठींतही रोग गेला होता, म्हणून त्यांना 100 मिलिक्युरी डोस ठरला.

त्याआधी त्यांच्या थायरॉइडच्या गोळ्या साधारण चार आठवडे बंद ठेवल्या होत्या. त्याने उरलेल्या पेशी आयोडीनसाठी भुकेल्या होतात. त्या दिवसांत अंगात सुस्ती येते, चेहरा सुजतो, थंडी वाजते. डोसनंतर गोळ्या पुन्हा सुरू झाल्या की हे जाते. शेवटचे एक-दोन आठवडे आयोडीनचे मीठ, मासे, सुकट, अंडी व दूध टाळायचे असते. हे पथ्य डोसपुरतेच आहे. या घरात मात्र ते तीन महिने चालू होते! डोसनंतर हॉस्पिटलने सांगितलेल्या दिवसापासून नेहमीचे जेवण घ्यावे.

स्कॅनमध्ये काय दिसते?

डोसनंतर साधारण आठवड्याने संपूर्ण शरीराचा स्कॅन काढतात. त्यासाठी वेगळे इंजेक्शन लागत नाही. पोटात गेलेल्या आयोडीनमधून जे किरण बाहेर येतात तेच गॅमा कॅमेरा टिपतो. जिथे आयोडीन साठले तिथे चित्रात ठिपका उमटतो.

पण प्रत्येक ठिपका म्हणजे कर्करोग नव्हे. लाळग्रंथी, नाक, जठर, आतडी आणि मूत्राशय यांतही आयोडीन जाते, म्हणून तेथे ठिपका दिसणे स्वाभाविक आहे. खिशातल्या रुमालाला लाळ किंवा घाम लागला असेल, तर तोही चमकतो. म्हणूनच स्कॅनला जाताना आंघोळ करून धुतलेले कपडे घालायला सांगतात.

आता आपल्या बाईंचा रिपोर्ट. मानेत थायरॉइडच्या मूळ जागी दोन ठिपके, फुफ्फुसे व हाडे स्वच्छ. सर्जन कितीही कुशल असला तरी आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी जपण्यासाठी थायरॉइडचा थोडा अंश मागे राहतोच. तोच अंश येथे दिसला. डोस त्याच्यासाठीच दिला होता, आणि औषध योग्य जागी पोचल्याचा तो पुरावा होता. या पेशी मरायला काही महिने लागतात. मात्र मानेच्या बाजूला, फुफ्फुसांत किंवा हाडांत ठिपके आले, तर तज्ज्ञ पुढील तपासण्या करतात.

स्कॅनलाही मर्यादा आहे. काही कर्करोगाच्या पेशी आयोडीन घेणे सोडून देतात. त्या स्कॅनमध्ये दिसतच नाहीत. म्हणून स्कॅनच्या जोडीला रक्तातील थायरोग्लोब्युलिन, त्याविरुद्धची प्रतिपिंडे आणि मानेची सोनोग्राफी पाहतात. हा हिशेब 6 ते 12 महिन्यांनी पुन्हा मांडायचा असतो. त्या तारखा चुकवू नयेत.

घरच्यांनी किती जपावे?

आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मे होते. शिवाय थायरॉइड काढलेल्या माणसाच्या शरीरातून त्याचा मोठा भाग पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे निघून जातो. म्हणून एवढ्या डोसच्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात, भरपूर पाणी पाजतात आणि मीटरने मोजून किरणोत्सर्ग ठरलेल्या मर्यादेखाली आला की घरी सोडतात. या बाई तिसऱ्या दिवशी सुटल्या.

घरी आल्यावर दोन गोष्टींपासून जपायचे असते. पहिली म्हणजे शरीरातून बाहेर पडणारे किरण. येथे अंतर हाच उपाय. एक मीटरऐवजी दोन मीटर दूर बसलात, तर मारा चौथ्या हिश्श्यावर येतो. मोठ्या माणसांनी काही दिवस वेगळे झोपावे. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना दोन ते तीन आठवडे दूर ठेवावे. मुलाला कुशीत घेऊन निजवू नये. एकाच खोलीत सारे घर असेल, तर मुलाला आजोळी पाठवणे उत्तम. घरी येताना गर्दीची लोकल टाळून गाडीत मागच्या सीटवर, ड्रायव्हरपासून दूर बसावे. नेमके दिवस डोसवर अवलंबून असतात. हॉस्पिटलच्या कार्डावर लिहिलेले दिवसच पाळावेत.

दुसरी गोष्ट म्हणजे लघवी, लाळ आणि घाम. पहिला आठवडाभर संडासात नेहमीपेक्षा दुप्पट पाणी ओतावे, पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, हात साबणाने धुवावेत. टॉवेल, कपडे व भांडी वेगळी धुवावीत. धुतल्यावर ती पुन्हा वापरता येतात, टाकून देऊ नयेत. चाळीत सामायिक संडास असेल, तर ही अडचण डोसआधीच हॉस्पिटलला सांगावी.

गरोदरपणात हा डोस देतच नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने डोसआधी सहा ते आठ आठवडे दूध बंद करावे आणि त्या बाळाला पुन्हा पाजू नये. डोसनंतर स्त्रियांनी सहा महिने ते वर्षभर आणि पुरुषांनी किमान तीन-चार महिने मूल होऊ देऊ नये.

आता सासूबाईंचा हिशेब. 8 दिवसांनी निम्मे, 16 दिवसांनी पाव, असे करत 80 दिवसांत हजारावा भागही उरत नाही. आणि हे लघवीवाटे काहीच गेले नाही असे धरले तर! नातवाला हॉस्पिटलने तीन आठवडे दूर ठेवायला सांगितले होते. तिसऱ्या महिन्यात त्याला आईपासून तोडण्याचे काहीच कारण नव्हते. मी त्यांना तेवढेच सांगितले. सून गप्प बसून होती, तिने पहिल्यांदाच विचारले, “म्हणजे आज आणलं तरी चालेल?” संध्याकाळच्या एस.टी.ने नातू घरी आला.